दोन व्याजतारखांच्या मध्ये रोख्याचा भाव

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी निवृत्तीच्या पुंजीतले काही पैसे आता थेट सरकारी रोख्यांत जातात. तेव्हा एक प्रश्न हटकून येतो. पडद्यावर भाव 101 रुपये 21 पैसे दिसला आणि खात्यातून दर शेकडा 102 रुपये 81 पैसे गेले. वरचा 1 रुपया 60 पैसे कोणी खाल्ला? कोणीच नाही. पण तो आला कुठून हे स्वतः मांडून पाहिल्याशिवाय मनाचे समाधान होत नाही.

एक काल्पनिक रोखा घेऊ. दर्शनी किंमत 100 रुपये, व्याज 8 टक्के, म्हणजे दर सहामाहीला 4 रुपये, 10 एप्रिलला आणि 10 ऑक्टोबरला. मुदत 10 ऑक्टोबर 2027 ला संपते. आपण शुक्रवारी, 19 जून 2026 रोजी सौदा केला. सरकारी रोख्यांचा व्यवहार पुढच्या कामाच्या दिवशी पुरा होतो, म्हणून हिशेबाची तारीख 22 जून, सोमवार. मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, ज्याला बाजारात यील्ड म्हणतात, 7 टक्के ठरला आहे, सहामाहीचा साडेतीन.

आता दिवस मोजू. आपल्याकडे केंद्र सरकारच्या रोख्यांत प्रत्येक महिना 30 दिवसांचा आणि वर्ष 360 दिवसांचे धरतात. 10 एप्रिल ते 22 जून म्हणजे दोन महिने बारा दिवस, अर्थात 72 दिवस. सहामाहीचे 180, तेव्हा पुढच्या व्याजाला उरले 108. म्हणजेच 0.6 सहामाही. सगळी मेख या 0.6 मध्ये आहे. पहिले व्याज एका पूर्ण सहामाहीने नव्हे, 0.6 सहामाहीने येणार, दुसरे 1.6 ने, आणि शेवटचे 104 रुपये 2.6 ने. प्रत्येक रक्कम 1.035 च्या तितक्या घाताने भागायची:

```
4/1.035^0.6   =   3.9183
4/1.035^1.6   =   3.7858
104/1.035^2.6 =  95.1017
एकूण            = 102.8058
```

ही झाली देण्याची खरी किंमत. पण 10 ऑक्टोबरला जे 4 रुपये येतील ते सगळे तुमच्या हाती पडतील, आणि त्यातले पहिले 72 दिवस तर रोखा विकणाऱ्याकडे होता. त्याचा वाटा 4 × 72 ÷ 180, म्हणजे 1.60 रुपये, तुम्ही आधीच चुकता करता. तो वजा केला की उरतात 101.2058. पडद्यावर दिसतो तो हा निव्वळ भाव. एक लाखाच्या रोख्याला 1,01,205.80 अधिक 1,600, एकूण 1,02,805.80 रुपये.

भाव असा वेगळा का दाखवायचा? एकूण किंमत दिवसागणिक चढते आणि व्याज मिळताच एकदम 4 रुपयांनी खाली येते. ती पाहून बाजार पडला की फक्त व्याज वाटले गेले, हे कळणार नाही.

चूक बहुधा घातांक पूर्ण 1, 2, 3 घेतल्याने होते. तसे केल्यास 101.40 येतात, ती 10 एप्रिलची किंमत आहे. त्यातून 1.60 वजा केले तर भाव 99.80 निघतो, आणि इथेच शंका यायला हवी: 8 टक्के व्याज देणारा रोखा 7 टक्के परताव्याला शंभराच्या खाली कसा येईल? अर्थात 101.40 ला 0.4 सहामाहीची वाढ दिली, म्हणजे 1.035 च्या 0.4 व्या घाताने गुणले, की तेच 102.81 परत मिळतात. पडताळ्याला ही रीत मला अधिक सोपी वाटते.

एक बारीक गंमत मात्र राहते. परतावाही 8 टक्केच असेल तर भाव नेमका 100 यावा असे वाटते. या दिवशी तो 99.98 येतो. कारण एकूण किंमत चक्रवाढीने वाढते, विकणाऱ्याचा वाटा मात्र सरळव्याजाने मोजतात. दोन पैशांचा हा फरक व्याजतारखेला नाहीसा होतो. तो दिसला म्हणून आपला हिशेब खोडू नये.

एक्सेलमध्ये ताडून पाहायचे तर:

```
=PRICE(DATE(2026,6,22),DATE(2027,10,10),8%,7%,100,2,4)
```

यातला 2 म्हणजे वर्षातून दोनदा व्याज, आणि शेवटचा 4 म्हणजे 30 दिवसांचा महिना. उत्तर निव्वळ भाव येते, 1.60 आपणच मिळवायचे. कंपनीचा रोखा असेल तर हा शेवटचा आकडा तसाच ठेवू नका, तिथे प्रत्यक्ष दिवस मोजतात: याच तारखांना 180 पैकी 72 ऐवजी 183 पैकी 73, आणि विकणाऱ्याचा वाटा 1.60 ऐवजी साधारण 1.5956. लाखामागे चार-साडेचार रुपयांचा फरक पडतो.