बाळाच्या जुलाबावर औषध मागताना

चौदा महिन्यांच्या बाळाला जुलाब होत असल्याने ‘जुलाब बंद करणारी गोळी’ मागणाऱ्या वडिलांना औषधविक्रेत्याने आधी बाळाचे वय विचारणे आवश्यक असते; कारण मोठ्यांसाठीची लोपेरामाइडची गोळी आतड्यांची हालचाल मंदावते आणि लहान मुलांत त्यामुळे पोट फुगून आतडी ठप्प होण्याचा धोका असतो. “शी किती वेळा झाली? रक्त पडते का? उलट्या? शेवटची लघवी केव्हा झाली?” हे पुढचे प्रश्न होत. यांपैकी लघवीचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण सहा तासांत लघवी न होणे, डोळे खोल जाणे किंवा बाळ मलूल होऊन पाणीही न पिणे ही निर्जलीकरणाची, म्हणजे शरीरातील पाणी व क्षार घटल्याची लक्षणे असून अशा वेळी, तसेच शौचात रक्त असल्यास, औषध न विकता बाळाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवावे लागते.

यांपैकी काही नसेल, तर ओआरएसची, म्हणजे क्षार-साखरेची, एक लिटरची पुडी द्यावी. ती उकळून गार केलेल्या पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी, कारण कमी पाण्यात क्षारांचे प्रमाण धोकादायक वाढते. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्रावण चमच्याने पाजावे आणि सोबत या चौदा महिन्यांच्या बाळाला २० मिलिग्रॅम जस्त रोज, जुलाब थांबले तरी, १४ दिवस द्यावे. स्तनपान बंद करू नये, आणि तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे.