पाच रुपयांचा पुट

निफ्टीचा पुट ऑप्शन विकणारा माणूस प्रत्यक्षात एक हमी देत असतो. ठरलेल्या दिवशी निर्देशांक ठरलेल्या पातळीच्या खाली बंद झाला, तर खालचा सगळा फरक आपण भरून देऊ, अशी ती हमी असते. तिच्या बदल्यात विकत घेणारा त्याला आधीच जी रक्कम देतो, तिला प्रीमियम म्हणतात, आणि ठरलेल्या पातळीला स्ट्राइक. निर्देशांक स्ट्राइकच्या बराच वर असेल आणि मुदत संपायला एखादाच दिवस उरला असेल, तर असा पुट चार-पाच रुपयांना मिळतो. बाजाराच्या भाषेत तो लांबचा ‘आउट ऑफ द मनी’ पुट. मुदत संपताना यांपैकी बहुतेक पुट शून्य होतात आणि विकणाऱ्याला सगळा प्रीमियम राहतो. हे आठवड्यामागून आठवडे घडत राहते, म्हणूनच लहान गुंतवणूकदाराला त्यात नियमित उत्पन्न दिसू लागते.

या उत्पन्नामागचा धोका किती मोठा असतो, हे 24 फेब्रुवारी 2022 या दिवशी स्पष्ट दिसले. तो फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार, म्हणजे निफ्टीच्या मासिक करारांच्या एक्स्पायरीचा दिवस होता. पुढच्या हिशेबातला गुंतवणूकदार कल्पित आहे, आणि दिवसभरातले प्रीमियमचे आकडे अंदाजाने धरलेले आहेत. निफ्टीच्या पातळ्या मात्र त्या दिवशीच्या खऱ्या आहेत.

हा गुंतवणूकदार नाशिकचा, खासगी कंपनीत नोकरी करणारा. त्याने म्युच्युअल फंडाची युनिट गहाण ठेवून आणि थोडी रोख भरून चार लाखांच्या आसपास मार्जिन उभे केले होते. दर आठवड्याला एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी तो लांबचा पुट विकायचा आणि हजारभर रुपये पदरात पाडून घ्यायचा. बुधवारी, 23 फेब्रुवारीला, निफ्टी 17,063.25 वर बंद झाला. रशिया आणि युक्रेनमधल्या तणावामुळे बाजार काही दिवस घसरतच होता, त्यामुळे लांबच्या पुटनाही एरवीपेक्षा बरा भाव होता. त्याने 16,500 चा पुट पाच रुपयांनी विकला. चार लॉट, तेव्हाच्या 50 च्या लॉटप्रमाणे 200 संख्या. हातात आले 1,000 रुपये.

त्याचा विचार वरवर बिनचूक होता. पुट तोट्यात जाण्यासाठी निफ्टी एका दिवसात 563 अंशांपेक्षा जास्त, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक पडायला हवा. असे दिवस क्वचित येतात. पण त्याने दिलेली हमी किती रकमेची होती, हा हिशेब त्याने केलाच नव्हता. 16,500 गुणिले 200 म्हणजे 33 लाख रुपये. हजार रुपये घेऊन 33 लाखांच्या बाजारमूल्याच्या घसरणीची जबाबदारी त्याने एका रात्रीसाठी पत्करली होती. प्रीमियम लहान असतो तो घसरण क्वचित होते म्हणून. झाली तर ती लहानच होईल, असे त्या किमतीत कुठेही म्हटलेले नसते.

गुरुवारी सकाळी, भारतीय वेळेनुसार साडेआठच्या सुमारास, पुतिन यांनी युक्रेनमध्ये लष्करी कारवाईची घोषणा केली. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. निफ्टी उघडला तोच सुमारे 500 अंश खाली, 16,550 च्या जवळ. मधल्या कोणत्याही पातळीवर व्यवहार झालाच नाही. 17,000 ला बाहेर पडू किंवा 16,800 ला पडू, असे ठरवलेल्या माणसाला ती संधी मिळालीच नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. 16,550 ही पातळी 16,500 च्या वरच होती. म्हणजे पुट अजूनही ‘आउट ऑफ द मनी’ होता. तेव्हाच मुदत संपली असती, तर विकणाऱ्याला एक रुपयाही द्यावा लागला नसता. तरीही आदल्या दिवशी पाच रुपयांना विकलेला पुट आता शंभर रुपयांच्या घरात गेला होता. कारण दिवस अजून सहा तास बाकी होता, स्ट्राइक अवघे 50 अंश दूर होते आणि पुढे काय होईल याची भीती प्रत्येक ऑप्शनच्या किमतीत शिरली होती. स्ट्राइक ओलांडल्याशिवाय तोटा होत नाही, हा समज एक्स्पायरीच्या शेवटच्या क्षणापुरताच खरा असतो. त्याआधी बाहेर पडायचे, तर बाजारभावानेच परत विकत घ्यावे लागते. त्या भावाने त्याचा तोटा सकाळीच 19,000 रुपयांच्या आसपास होता.

स्टॉप-लॉस लावला होता का, हा प्रश्न इथे साहजिक येतो. भाव पंधरावर गेला की सतराच्या आत परत विकत घ्यावा, अशी ऑर्डर त्याने बाजार उघडताच टाकायचे ठरवले होते. पण अशी ऑर्डर भाव हळूहळू चढत असेल तरच उपयोगी पडते. ऑप्शनमध्ये मिळेल त्या भावाने बाहेर काढणारा स्टॉप-लॉस राष्ट्रीय शेअर बाजाराने सप्टेंबर 2021 पासून बंद केला आहे. कमाल भाव लिहूनच ऑर्डर द्यावी लागते. पहिलाच सौदा शंभरच्या जवळ झाला, तर पंधराची अट लगेच पुरी होते, ऑर्डर बाजारात जाते आणि सतराला विकणारा कोणी नसल्याने तशीच पडून राहते. स्क्रीनवर ती ‘ओपन’ दिसते, आणि ज्याने ती टाकली त्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटू शकते.

थोड्या वेळात ब्रोकरच्या ऑफिसमधून फोन आला. “सर, मार्जिन कमी पडतंय. पैसे टाका, नाहीतर पोझिशन काढावी लागेल.” मार्जिन कमी पडण्याचे कारण सोपे होते. विकलेल्या ऑप्शनची किंमत वाढली की तेवढी रक्कम अधिक अडकते, शिवाय स्ट्राइक जवळ आल्यामुळे त्या पोझिशनला लागणारे मूळ मार्जिनही वाढते. त्याने बचत खात्यातून रक्कम वळती केली आणि थांबला.

त्या दिवशी एका टप्प्यावर निफ्टी 16,700 पर्यंत सावरलाही. तेव्हा हा पुट चाळीस-पन्नास रुपयांवर आला असणार, म्हणजे सात ते नऊ हजारांचा तोटा घेऊन सुटता आले असते. पण हजार रुपयांसाठी केलेल्या व्यवहारात आठ हजार सोडायला मन तयार होत नाही, आणि भाव उतरत असताना तर नाहीच. ‘शून्य होणारच आहे’ हा आठवड्यांचा अनुभव इथे त्याच्याविरुद्ध काम करत होता.

दुपारनंतर घसरण पुन्हा वाढली. निफ्टी 815.30 अंशांनी, म्हणजे 4.78 टक्क्यांनी पडून 16,247.95 वर बंद झाला. निर्देशांकाच्या ऑप्शनचा शेवटचा हिशेब याच बंद पातळीवर होतो, आणि ती पातळी शेवटच्या अर्ध्या तासातल्या भावांच्या भारित सरासरीवरून काढतात. त्यामुळे अखेरच्या मिनिटातली एखादी उसळीही फारशी उपयोगी पडत नाही. 16,500 वजा 16,247.95 म्हणजे 252.05 रुपये द्यायचे. मिळालेले पाच वजा जाता 247.05. गुणिले 200 म्हणजे 49,410 रुपये. ही रक्कम रोख द्यावी लागते. गहाण युनिट मार्जिनसाठी चालतात, देणे फेडायला चालत नाहीत.

या एका दिवसात नेमके काय बदलले, ते पाहिले तर धोक्याचे मूळ सापडते. बुधवारी निफ्टी एक अंश पडला, तर हा पुट साधारण पाच पैशांनी वाढत होता. गुरुवारी सकाळी एका अंशाला चाळीस-पंचेचाळीस पैसे, आणि दुपारी निफ्टी स्ट्राइकच्या बराच खाली गेल्यावर जवळजवळ पूर्ण रुपया. म्हणजे एकही लॉट न वाढवता त्याची पोझिशन वीसपट जड झाली होती, आणि तीही बाजार त्याच्या विरुद्ध जात असताना. एका अंशामागे ऑप्शन किती हलतो, याला डेल्टा म्हणतात. हा डेल्टा ज्या वेगाने बदलतो तो गॅमा. स्ट्राइकजवळ आलेल्या ऑप्शनचा गॅमा एक्स्पायरीच्या दिवशी सर्वांत तीव्र असतो. शेअर घेतलेल्या माणसाचा तोटा घसरणीच्या प्रमाणात वाढतो. ऑप्शन विकणाऱ्याच्या तोट्याचा वेगच घसरणीबरोबर वाढत जातो.

जिंकण्याचे प्रमाणही याच हिशेबात तपासावे लागते. समजा, शंभर आठवड्यांपैकी 98 आठवडे त्याला हजार-हजार रुपये मिळाले आणि दोन आठवडे असे गेले. मिळकत 98,000, तोटा 98,820. ब्रोकरेज आणि कर धरण्याआधीच हिशेब उणे. शंभरात 98 वेळा बरोबर ठरणारा अंदाजही इथे पुरत नाही. शिवाय दुसरा वाईट दिवस पहिल्याइतकाच वाईट असेल, याची खात्री नाही. 12 मार्च 2020 या गुरुवारी, तेव्हाही साप्ताहिक एक्स्पायरीलाच, निफ्टी आठ टक्क्यांहून अधिक पडला होता. लांबचे कॉल विकणाऱ्यांनाही सूट नसते. 20 सप्टेंबर 2019 ला कंपनी करातल्या कपातीच्या घोषणेने निफ्टी एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त चढला.

तोट्याला आधीच कुंपण घालायचे, तर विकलेल्या पुटच्या खालचा आणखी एक पुट विकत घेतात. त्याने 16,300 चा पुट तीन रुपयांना घेतला असता, तर मिळकत हजाराऐवजी 400 रुपये झाली असती आणि जास्तीत जास्त तोटा 39,600 रुपयांवर थांबला असता. त्या दिवशी यातून वाचले असते दहाएक हजारच. पण निफ्टी 15,500 वर बंद झाला असता, तर नुसता पुट विकणाऱ्याचा तोटा 1,99,000 झाला असता आणि कुंपण घातलेल्याचा तेवढाच, 39,600 राहिला असता. महत्त्वाचे म्हणजे हा आकडा बुधवारी रात्रीच माहीत असतो. संरक्षण घेतल्यावर मिळकतीचा मोठा भाग निघून जातो, अशी तक्रार ऑप्शन विकणारे नेहमी करतात. निघून जाणारा तो भाग म्हणजे टोकाच्या घसरणीचा धोका उचलल्याची किंमत असते, आणि संरक्षण न घेणारा ती मिळकत समजून ठेवून घेतो.

नियामकांनीही हा धोका ओळखला आहे. एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या निर्देशांक ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन ‘सेबी’ने नोव्हेंबर 2024 पासून लागू केले, एका शेअर बाजाराला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायला लावली आणि कराराचे किमान मूल्य 15 लाख रुपये केले. जादा मार्जिनमुळे ब्रोकर आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन अधिक सुरक्षित होतात. विकणाऱ्याचा तोटा त्याने कमी होत नाही, आणि लॉट मोठा झाल्याने त्याच स्ट्राइकवरच्या एका लॉटचा तोटा 2022 च्या तुलनेत वाढलाच आहे.