एक किलो खव्याचा ठरलेला खर्च

धाराशिव जिल्ह्यात भूम, वाशी, कळंब या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी जैनांचं सिद्धक्षेत्र म्हणून जितकं माहीत आहे, तितकंच पेढ्यासाठीही. भट्टीवाल्याला विचारलं, ‘एक किलो खव्याला खर्च किती येतो?’ तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘दुधाचा भाव धरा, वर सरपण, मजुरी.’ दिशा बरोबर आहे, पण त्यातून महिनाअखेरीला पैसे कुठे गेले ते सापडत नाही. ते सापडायचं तर खर्च आधी ठरवून ठेवावा लागतो आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्याशी ताडून बघावा लागतो. परिव्ययशास्त्राच्या पुस्तकात याला ‘प्रमाण परिव्यय’ म्हणतात, कारखान्यात ‘स्टँडर्ड कॉस्ट’.

खाली एका छोट्या भट्टीचा हिशेब मांडला आहे. दोन कढया, दोन कामगार, रोज २०० किलो गाईचं दूध. भाव, वेळ आणि खर्च हे गणितापुरते धरलेले आहेत. तुमच्या भट्टीवरचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करायचा.

आधी खवा म्हणजे काय, ते लिहून काढा

मालाचं प्रमाण ठरवताना पहिली चूक इथेच होते. ‘पाच-साडेपाच लिटरला एक किलो’ हा अंदाज झाला. दुधातलं पाणी उडतं, उरतो तो फॅट आणि एसएनएफ मिळून झालेला घन भाग. म्हणून दोन गोष्टी कागदावर हव्यात: येणाऱ्या दुधात घन भाग किती, आणि तयार खव्यात पाणी किती ठेवायचं.

दूध ४.० फॅट आणि ८.५ एसएनएफचं धरू. म्हणजे १०० किलो दुधात १२.५ किलो घन भाग. खव्यात ३२ टक्के पाणी ठेवायचं ठरवलं, तर घन भाग ६८ टक्के झाला. १२.५ ला ०.६८ ने भागलं की १८.३८ किलो खवा येतो. कढईला चिकटलेली खरवड, उलथन्याला लागलेलं, सांडलं-लवंडलं यासाठी २ टक्के घट धरू. राहिला १८ किलो. उलट बाजूनं बघितलं तर एक किलो खव्याला ५.५६ किलो दूध लागतं. दुधाची खरेदी मात्र लिटरवर चालते आणि लिटरभर दूध सुमारे १.०३ किलो भरतं, म्हणून ५.३९ लिटर. ३४ रुपये लिटरनं एक किलो खव्यातलं दूध १८३ रुपये ४० पैशांचं झालं.

फॅट ३.५ धरून चालणार नाही का? महाराष्ट्रात गाईच्या दुधाचे दर बरीच वर्षं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर बोलले गेले, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. पण अन्नसुरक्षेच्या नियमानुसार खव्याच्या कोरड्या घन भागात किमान ३० टक्के दुधाचं फॅट हवं. ३.५ ला १२ ने भागा, २९.२ टक्केच येतात. म्हणजे त्या दुधाचा खवा कितीही शुद्ध केला तरी नियमात बसत नाही. त्यात म्हशीचं दूध मिसळावं लागेल. ४.० फॅटला हेच प्रमाण ३२ टक्के येतं. स्वस्त दूध घेऊन प्रमाण खर्च खाली आणण्याची वाट इथेच अडते.

सरपण वेगळं का धरायचं

सरपण ‘इतर खर्चा’त ढकलण्याची सवय आहे. खव्यात ते चालत नाही, कारण सरपण आटवलेल्या दुधाच्या प्रमाणात जळतं. १०० किलो दुधातून जवळपास ८२ किलो पाणी वाफ करून घालवायचं असतं. सगळी उष्णता दुधालाच लागली असती तर सुमारे साडेतेरा किलो सुकं लाकूड पुरलं असतं. उघड्या भट्टीवर बरीच आच बाजूनं निघून जाते. चौथा हिस्सा कामी आला असं धरलं तर ५४ किलो लागेल. म्हणजे किलो खव्याला ३ किलो, ५ रुपये दरानं १५ रुपये.

हा चौथा हिस्सा पुस्तकातून घ्यायचा नाही. आठवडाभर लाकूड वजन करून लावा आणि आटवलेल्या दुधाशी भाग द्या. पावसाळ्यात ओलं लाकूड आलं की हा आकडा वाढणारच, तेव्हा पावसाळ्यापुरतं वेगळं प्रमाण ठेवलं तरी गैर नाही. प्रमाण पाळता येण्याजोगं असावं. कधीच न गाठता येणारं प्रमाण लावलं तर कामगार तो कागद वाचायचंच सोडून देतो.

घड्याळ लावून मोजलेली मजुरी

एका कढईत १० किलो दूध. दूध ओतणं, उकळी आणणं, सतत ढवळत आटवणं, गोळा काढून घेणं, कढई धुणं, या साऱ्याला निरनिराळ्या दिवशी वेळ लावून सरासरी ४२ मिनिटं आली असं धरू. धुरात, आचेसमोर उभं राहून कुणी आठ तास सलग ढवळू शकत नाही. पाणी, विसावा, कपाळ पुसणं यासाठी ६ मिनिटं वाढवली. एका घाण्याला ४८ मिनिटं, त्यातून १.८ किलो खवा. म्हणजे किलोला २६.६७ मिनिटं. आठ तासांची मजुरी ४८० रुपये धरली तर मिनिटाला एक रुपया, किलोला २६ रुपये ६७ पैसे.

ताळा करून बघू. २०० किलो दुधाचे २० घाणे, ९६० मिनिटं, म्हणजे दोन माणसांचे बरोबर आठ-आठ तास. तुमच्याकडे हा ताळा जमत नसेल तर एक तर वेळ चुकीची मोजली आहे, नाही तर मजुरी भरून माणूस बसून राहतो आहे. वेळ मोजताना सगळ्यात चपळ कामगाराला उभं करायचा मोह होतो. मग निघालेलं प्रमाण त्या एकट्यापुरतंच खरं ठरतं.

वरखर्चाला भागायचं कशानं

शेडचं भाडं, कढया-भट्टीची झीज आणि डागडुजी, दिवाबत्ती, परवाना, देखरेख असा स्थिर वरखर्च महिन्याला १८,००० रुपये धरू. तो किती किलोंनी भागायचा?

दुधाच्या भरात महिन्याला १,०८० किलो खवा निघतो. त्यानं भागलं तर किलोला १६ रुपये ६७ पैसे. उन्हाळ्यात चारा आटतो, दूध निम्म्यावर येतं, ५४० किलोच खवा होतो. त्यानं भागलं तर ३३ रुपये ३३ पैसे. कढई तीच, शेड तेच, खवाही तसाच, आणि खर्च दुप्पट! या आकड्यावरून उन्हाळ्यात भाव सांगायला गेलात तर गिऱ्हाईक शेजारच्या भट्टीवर जाईल.

म्हणून वर्षाची सामान्य क्षमता घ्यायची. आठ महिने भरीचे आणि चार निम्म्याचे मिळून १०,८०० किलो होतात. वर्षाचा वरखर्च २,१६,००० रुपये. दर किलोला २० रुपये. भरीच्या महिन्यात या दरानं खर्चापेक्षा जास्त वसूल होतं, उन्हाळ्यात कमी पडतं, वर्षाअखेर जुळतं. लेखा मानक २ मध्ये साठ्याचं मूल्य काढतानाही स्थिर उत्पादन वरखर्च सामान्य क्षमतेवरच वाटायला सांगितलं आहे. त्याच भट्टीवर पेढाही होत असेल तर मात्र किलोनं वाटू नका, कढई किती मिनिटं अडली त्यावर वाटा.

बेरीज: दूध १८३.४०, सरपण १५, मजुरी २६.६७, वरखर्च २०. एकूण २४५ रुपये ७ पैसे. भट्टीवरच्या फळ्यावर २४५ लिहा. पोचवणावळ आणि नफा यानंतरचे.

फरक आला की कुणाकडे बघायचं

एके दिवशी २०० किलो दुधाचा ३६ ऐवजी ३४.२ किलो खवा निघाला. १.८ किलोची तूट, नुसत्या दुधाच्या भावानं ३३० रुपयांची. पहिला संशय कढईवाल्यावर जातो. आधी दुधाची नोंद बघा.

त्या दिवशीचं दूध ३.८ फॅट आणि ८.२ एसएनएफचं होतं असं समजा. घन भाग १२ टक्के. २०० किलोला २४ किलो, ०.६८ ने भागून २ टक्के घट वजा केली की ३४.६ किलो. म्हणजे या दुधातून तेवढाच खवा निघायचा होता. १.८ पैकी १.४ किलोची तूट दुधाची, साधारण २५७ रुपयांची, आणि तिचा जाब दूध घालणाऱ्याला विचारायचा. कामगाराकडे उरले ०.४ किलो, ७३ रुपयांचे. खवा जास्त आटवला गेला, की तळाला लागला, एवढंच त्याला विचारायचं. रोजची फॅट-एसएनएफची नोंद नसेल तर हे ३३० रुपये सगळे त्याच्याच नावावर जातात.

फायद्याचा फरकही तपासा

उलट झालं आणि २०० किलोत ४० किलो खवा आला, तर खूश होऊ नका. दूध नेहमीचंच होतं, तर घट वजा जाता २४.५ किलो घन भाग ४० किलोंत पसरला, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. कायद्याला किमान ५५ टक्के चालतात, त्यामुळे गुन्हा होत नाही. पण पाणी ३२ वरून ३९ टक्क्यांवर गेलं. असा खवा लवकर आंबतो आणि बुरशीही लवकर धरतो, शिवाय पेढ्यासाठी घेणाऱ्याला तो पुन्हा आटवावा लागतो. खात्री करायची तर थोडा खवा तोलून ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा आणि पुन्हा तोलायचा.

किलोला ५.५६ किलो दूध, ३ किलो सरपण आणि २६.६७ मिनिटं, ही प्रमाणं पद्धत बदलल्याशिवाय बदलू नका. वाफेची किंवा यंत्रानं ढवळणारी कढई आली तर नव्यानं मोजा. भाव मात्र दुधाचा दर हलला की त्याच दिवशी बदला. लिटरमागे दोन रुपये वाढले की २४५ चे जवळपास २५६ होतात, म्हणून फळ्यावरच्या आकड्याशेजारी तारीख आणि दुधाचा दर लिहायला विसरू नका.