पुण्यात कुठं, मावशी?

एसटी स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत दिवसभर एकच प्रश्न येत असतो, गाडी किती वाजता? रोजच्या प्रवाशाला तेवढं उत्तर पुरतं. त्याला फलाट माहीत असतो, तिकीट कुठं काढायचं आणि कुठं उतरायचं हेही माहीत असतं. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला माणूस हाच प्रश्न विचारतो, कारण खिडकीत हेच विचारायचं असतं असं त्याने ऐकलेलं असतं. त्याची खरी अडचण वेळेची नसते. ती अडचण ओळखून तिला उत्तर देणं हे खिडकीतल्या माणसाचं कसब. ते कसं चालतं हे कळण्यासाठी साताऱ्याच्या स्थानकावरची एक सकाळ पाहू. ही सकाळ अनेक सकाळींवरून जुळवली आहे, म्हणून त्यातल्या कुणालाही नाव दिलेलं नाही.

खिडकीत बसलेल्या माणसाचं अधिकृत पद वाहतूक नियंत्रक. चालक-वाहक त्याला कंट्रोलर म्हणतात, प्रवासी साहेब म्हणतात. चौकशी हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गाडीची नोंद त्याच्याकडे होते, ध्वनिक्षेपकावरून गाड्या तोच पुकारतो. वाहक हातात कागद घेऊन एंट्रीसाठी उभे असतात आणि टेबलावरचा फोन अधूनमधून वाजत असतो. म्हणजे एका प्रवाशासाठी त्याच्यापाशी जेमतेम मिनिटभर असतो.

सकाळी साडेनऊच्या सुमाराला खिडकीशी एक बाई येते. वय पासष्टीच्या पुढे, हातात कापडी पिशवी, कनवटीला बटणांचा मोबाइल. ती पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या गावाहून आली आहे. गावात रात्री मुक्कामाला येणारी एसटी पहाटे परत निघते, तिने ती पाटणला आली आणि तिथून दुसऱ्या गाडीने साताऱ्याला. पाटणचा बाजार तिला पाठ आहे. साताऱ्यापुढे मात्र ती कधी एकटी गेलेली नाही.

“सायेब, पुन्याची गाडी कवा हाय?”

याचं सरळ उत्तर आहे, आत्ता. सातारा-पुणे मार्गावर गाड्यांना तोटा नाही. पण हे उत्तर ऐकून ती समोर दिसेल त्या गाडीत चढली, तर भलतीकडे उतरण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून नियंत्रक वेळ सांगत नाही. तो म्हणतो, “या मावशी. पुण्यात कुठं निघालात? कुणाकडं?”

“लेकीकडं. बाळंत झालीया. ससूनात हाय.”

बाईने प्रश्नात सांगितलेलं ठिकाण होतं पुणे, आता कळलं ससून. पुण्यात एसटीची ठिकाणं तीन. साताऱ्याकडच्या गाड्यांचं मुख्य ठिकाण स्वारगेट. पुणे स्टेशनचं स्थानक वेगळं. शिवाजीनगरचं स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं गेलं. ससून रुग्णालय पुणे स्टेशनजवळ आहे, म्हणजे स्वारगेटला उतरून शहरात पुढे साधारण पाच किलोमीटर जायचं. शिवाय साताऱ्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या काही गाड्या शहरात शिरतच नाहीत, बाह्यवळणाने निघून जातात. त्यातून पुण्यात उतरता येतं, पण महामार्गाच्या कडेला. तिथून रिक्षा करायची तर कोणत्या दिशेला तोंड करून उभं राहायचं हेही नवख्याला कळत नाही. कुणाकडं जायचंय हा प्रश्न मायेने विचारलेला असतोच, पण गाडी ठरते ती त्याच्याच उत्तरावरून.

आता कोणती गाडी द्यायची? दोन पर्याय आहेत. एक साधी, थांबत जाणारी. तिच्यात वाहक असतो, त्यामुळे काही अडलं तर विचारायला माणूस आहे. दुसरी विनाथांबा, विनावाहक. सातारा-स्वारगेट मार्गावर ही सेवा चांगली रुळलेली आहे. तिकीट स्थानकावरच काढायचं, गाडीत बसायचं आणि थेट स्वारगेट. सुमारे एकशे दहा किलोमीटरचं अंतर, गर्दी नसली तर अडीच-तीन तास.

वरवर पाहता नवख्या बाईला वाहकाची गाडी बरी वाटेल. अनुभवी नियंत्रक तिला विनाथांबा देतो, आणि मला त्याचं म्हणणं पटतं. थांबत जाणाऱ्या गाडीत दर थांब्याला माणसं उठतात, उतरतात, आणि हेच आपलं ठिकाण की काय या धास्तीने नवखा माणूस दर वेळी पिशवी उचलतो. कात्रजला अर्धी गाडी उतरायला लागली की तोही बहुधा उतरतो. विनाथांबा गाडीत उतरण्याचा निर्णयच घ्यावा लागत नाही. सगळे उतरतात तिथं उतरायचं.

पण या गाडीला तिच्या अडचणी आहेत, आणि त्या आधी सांगितल्या नाहीत तर घोटाळा होतो. पहिली तिकिटाची. गावाकडच्या एसटीत आधी जागा धरायची आणि मग वाहक येतो, ही आयुष्यभराची सवय. इथं ती तशीच जाऊन बसली, तर वाहकाची वाट पाहत राहील आणि सुटायच्या वेळी तिकीट नाही म्हणून खाली उतरावं लागेल. दुसरी अडचण बोलायला संकोचाची, म्हणून नियंत्रकच बोलतो, “मावशी, ही गाडी मधी कुठं थांबत नाही. आधी त्या कोपऱ्यातल्या बाथरूमला जाऊन या, मग बसा.” एवढं एक वाक्य ऐकलं नाही म्हणून अडीच तास जीव मुठीत धरून बसलेल्या बायका कमी नसतील.

“तिकिटाला किती लागत्याल? आधारकार्ड आणलंया.”

एसटीत महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३पासून आहे, महिला सन्मान योजनेखाली. त्याआधी, ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांचा प्रवास मोफत झाला होता. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाच्या ज्येष्ठांनाही अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. बाईच्या मनात या दोन-तीन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. बाई म्हणून अर्धं आणि म्हातारी म्हणून पुन्हा अर्धं असं धरून ती मोजकेच पैसे घेऊन निघालेली असू शकते. दोन सवलती एकमेकींवर चढत नाहीत. तिला अर्धंच पडेल. आणि स्वारगेटपुढची शहर बस एसटीची नाही, ती पीएमपीची. तिथं एसटीची ही सवलत चालत नाही, पूर्ण पैसे द्यावे लागतात. नियंत्रक हे दोन वाक्यांत सांगतो, कारण तिकडच्या वाहकाशी अर्ध्या तिकिटावरून वाद घालायची वेळ तिच्यावर येऊ नये.

मग येतो फलाट. “तीन नंबरला लागंल,” असं सांगणं सोपं आहे आणि बऱ्याचदा निरुपयोगी. नंबर कुठं लिहिलेले असतात हेच नवख्याला माहीत नसतं. बाई “बरं, बरं” म्हणते, मान हलवते, पण पाय जागचे हलत नाहीत आणि नजर नियंत्रकाच्या चेहऱ्यावरच असते. कळलेल्या माणसाची मान सांगितलेल्या दिशेला वळते. न कळलेला माणूस सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. जुन्या नियंत्रकांना ही खूण पक्की ठाऊक असते. तो खिडकीबाहेर हात काढतो, “ते रसाचं दुकान दिसतंय? त्याच्या समोर रांग आहे बघा, बायामाणसं उभी आहेत. त्या रांगेत उभं राहायचं. तिथंच तिकीट मिळंल.” आता मान वळते.

पाटीचं सांगणं राहिलंच. गाडीच्या काचेमागच्या पाटीवर दोन्ही टोकांची नावं असतात. त्यामुळे नुकतीच स्वारगेटहून आलेली आणि आता आगारात जाणारी गाडीही तीच पाटी घेऊन उभी असते. माणसं धावत चढतात आणि चालक त्यांना उतरवतो. म्हणून तिला सांगायचं, “पाटी बघू नका. रांगेतले लोक चढले की चढा.” बाईला अक्षरं लागतात की नाही, हा प्रश्न त्यामुळे विचारावाच लागत नाही. हा प्रश्न टाळण्यात मोठी सभ्यता आहे.

तिच्यामागे आता सहा-सात माणसं साचली आहेत. एक वाहक बाजूच्या दाराने आत येऊन कागद पुढे करतो. कोल्हापूरकडून येणारी एक गाडी अजून आलेली नाही, तिची विचारणा करायला दोन तरुण घायकुतीला आले आहेत. त्यांना नेमकी वेळ सांगता येत नाही. साताऱ्याहून सुटणारी गाडी त्याच्या हातातली असते. बाहेरून येणारी वाटेत कुठं अडकली आहे हे मागच्या स्थानकाला फोन लावल्याशिवाय कळत नाही, आणि कधी फोन लावूनही कळत नाही. “येईल एवढ्यात” या उत्तरावर लोक चिडतात. पण त्या क्षणी तेच खरं उत्तर असतं.

बाईचं एक काम मात्र तो मध्येच उरकतो. “जावयाचा नंबर आहे का? लावा फोन.” ती मोबाइल काढून बटणं दाबते आणि खिडकीतून आत देते. नियंत्रक बोलतो ते एवढंच, “सातारा स्टँडवरून बोलतोय. तुमच्या सासूबाई दहाच्या विनाथांब्यानं निघतील. एकच्या आधी स्वारगेटला फलाटावर उभं राहा, बाहेर गेटावर नको.” आणि मोबाइल परत देताना तिला, “उतरलात की जागा सोडायची नाही. जावई तिथंच येतील.” स्वारगेटला बाहेर पडायच्या वाटा एकाहून जास्त आहेत. भेटीची चुकामूक होते ती दोघंही एकमेकांना शोधायला निघतात म्हणून. एकाने हलायचं नाही हे ठरलं की चुकामूक होत नाही. जावई आलाच नाही तर काय, यासाठी तो एका चिठोऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो: स्वारगेट, मग शहर बसने पुणे स्टेशन, ससून. स्वारगेटहून आता मेट्रोही आहे, पण स्टेशनकडे जायला मध्ये गाडी बदलावी लागते. सरकत्या जिन्यावर पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्या एकट्या बाईला तो ही वाट सांगत नाही. माहीत असलेलं सगळं न सांगणं हाही या कामाचाच भाग आहे.

“आता मला सांगा, काय करायचं?” तो विचारतो. ती सांगते, बाथरूम, रसाच्या दुकानापुढची रांग, तिकीट, गाडी, उतरून उभं राहायचं. बरोबर. मग तीच मागे वळून विचारते, “आन् माघारी येताना वं?”

या प्रश्नाचं उत्तर उलटीकडून मोजावं लागतं. गावाची मुक्कामी गाडी पाटणहून संध्याकाळी सहाला सुटते असं ती सांगते, आणि त्यानंतर गावाला गाडी नाही. सातारा ते पाटण साधारण दोन तास, गाडीची वाट पाहण्यात थोडा वेळ जाणारच, म्हणजे साताऱ्याहून उशिरात उशिरा तीनला निघायला हवं. स्वारगेट ते सातारा तीन तास, खंबाटकी घाटात गर्दी लागली तर आणखी अर्धा तास. म्हणजे स्वारगेटहून साडेअकराला गाडीत बसायचं. ससूनमधून दहालाच निघायचं. “दहाच्या पुढं निघालात मावशी, तर पाटणला मुक्काम पडंल. तिथं कुणी आहे का?”

“माझी भाची हाय की पाटणात.”

“मग तिचा नंबर जावयाकडनं मोबाइलात घालून घ्या,” तो म्हणतो आणि कोल्हापूरच्या गाडीसाठी मागच्या स्थानकाला फोन लावतो.