१८,८८७ ची वाट

१ डिसेंबर २०२२ ला निफ्टीने १८,८८७ चा उच्चांक केला. त्याआधीचा मोठा अडसर होता १८,६०४ चा, ऑक्टोबर २०२१ मधला. तो वर्षभर पार झाला नव्हता. ३० नोव्हेंबरला निर्देशांक १८,७५८ वर, म्हणजे त्या अडसराच्या चांगला वर बंद झाला आणि चार्ट पाहणाऱ्यांच्या भाषेत ‘ब्रेकआऊट’ झाला. ज्यांनी त्याच दिवशी खरेदी केली त्यांच्या बाजूने फक्त एक दिवस गेला. ९ डिसेंबरला निफ्टी १८,४९६ वर होता, नाताळाच्या आधी १७,८०० च्या आसपास आणि २० मार्च २०२३ ला १६,८२८ पर्यंत खाली.

अशा फटक्यानंतर बहुतेक जण एकच धडा घेतात: ब्रेकआऊट झाला रे झाला की उडी मारायची नाही. भाव तोडलेल्या पातळीपर्यंत परत येऊ द्यायचा, तिथे तो टिकतो का पाहायचे आणि मगच खरेदी करायची. यालाच ‘रीटेस्ट’ म्हणतात. धडा चुकीचा नाही. पण त्याची किंमत काय पडते, हे सहसा कोणी सांगत नाही.

आधी पातळी म्हणजे काय ते पाहू. १८,८०० च्या आसपास ज्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये पैसे घातले, ते सात महिने तोट्यात अडकून होते. ‘आपले पैसे निघाले की बाहेर पडू’ असे ठरवून बसलेले हे लोक भाव पुन्हा तिथे आला की विकायला येतात. म्हणून जुना उच्चांक छतासारखा वागतो. खरेदीदारांचा जोर इतका असेल की ही सगळी विक्री पचवून भाव वर जाईल, तर चित्र उलटते. आता तिथे विकायला फारसे कोणी उरत नाही. घाईने विकलेल्यांना चुटपुट लागते, घ्यायचे राहून गेलेले लोक ‘तिथे आला तर घेऊ’ म्हणून टपून बसतात आणि मंदीचे सौदे केलेले लोक बरोबरीत सुटण्यासाठी खरेदी करतात. छताची जमीन होते ती अशी. निदान सर्वमान्य स्पष्टीकरण हेच आहे. प्रत्येक वेळी आत नेमके असेच घडते असा दावा मी करणार नाही.

या कहाणीचा दुसरा अंक २८ जून २०२३ ला सुरू झाला. निफ्टीने १८,८८७ ओलांडला आणि तो १८,९७२ वर बंद झाला. आता पातळी तीच, पण खरेदीदार दोन आहेत असे धरू. पहिल्याने त्याच दिवशी बंद भावाला घेतले. दुसरा डिसेंबरची आठवण ठेवून थांबला.

दुसऱ्याच्या वाट्याला काय आले ते बघा. जुलैच्या २० तारखेला निफ्टी १९,९९१ पर्यंत पोहोचला. दुसरा बाहेरच. ऑगस्टअखेर तो १९,२२३ पर्यंत खाली आला, म्हणजे पातळीपासून अजून साडेतीनशे अंशांवर. ‘पुरेसा जवळ आला, घेऊन टाकू’ असा मोह याच वेळी होतो. त्याने घेतले नाही. सप्टेंबरच्या मध्यात २०,२२२ झाला. याही वेळी दुसरा बाहेरच, आणि आता जवळपास चार आकडी अंशांची तेजी हातातून गेल्याचा हिशेब मनात मांडत.

मग ऑक्टोबर आला. इस्रायल-हमास युद्ध पेटले, अमेरिकी सरकारी रोख्यांचा परतावा पाच टक्क्यांच्या आसपास गेला, जगभर विक्री झाली. २६ ऑक्टोबरला, वायदे सौद्यांच्या मासिक मुदतपूर्तीच्या दिवशी, निफ्टी १८,८३७ पर्यंत उतरला आणि १८,८५७ वर बंद झाला. तोडलेल्या पातळीच्या तीस अंश खाली. चार महिन्यांनी अखेर रीटेस्ट आली, ती अशी: बातम्या सगळ्या वाईट, आणि भाव पातळीच्या किंचित खाली.

इथे पुस्तकी व्याख्या कामाला येत नाही. ‘पातळीच्या खाली बंद म्हणजे ब्रेकआऊट फसला’ असा कडक नियम ठेवला तर त्या दिवशी खेळ संपला. पण ही पातळी म्हणजे एका आकड्यावर आखलेली रेघ नाही, तो पट्टा आहे. एकीकडे १८,६०४, दुसरीकडे १८,८८७, आणि मधल्या जागेत वर्षभराची झटापट. अनुभवी माणूस ‘भाव पट्ट्यात शिरला आहे, आता बाहेर कोणत्या बाजूने पडतो?’ एवढेच विचारतो. भावाने पातळीला नुसता स्पर्श केला म्हणजे तो टिकला असे होत नाही. दिवस पातळीच्या वर बंद झाला पाहिजे. २७ ऑक्टोबरला निफ्टी १९,०४७ वर बंद झाला आणि दुसऱ्याने त्या भावाला घेतले. मग १ नोव्हेंबरला तो पुन्हा १८,९८९ पर्यंत घसरला, पण १८,८८७ च्या वरच थांबला. महिना संपता संपता २०,००० च्या पुढे आणि वर्षअखेर २१,७३१.

गंमत बघा, चार महिने थांबून दुसऱ्याने १९,०४७ ला घेतले आणि पहिल्याने २८ जूनलाच १८,९७२ ला. थांबलेल्याला माल ७५ अंश महाग पडला! रीटेस्टने ‘स्वस्तात’ मिळते ही समजूत इथेच कोसळते. मग थांबून मिळाले काय?

मिळाली ती स्टॉपलॉसची जागा. समजा दोघांनीही ठरवले आहे की हा सौदा फसला तर ३,००० रुपयांहून जास्त गमवायचे नाहीत, आणि दोघेही निर्देशांकाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याने चालणारा निफ्टी ईटीएफ घेत आहेत. पहिल्याला २८ जूनला सुरक्षित वाटणारी जागा म्हणजे पट्ट्याच्या तळाखाली, १८,५५० च्या आसपास. खरेदीपासून ४२२ अंश, म्हणजे दर युनिटमागे ४ रुपये २२ पैसे धोका. त्या हिशेबाने त्याला ७१० युनिट घेता येतात, गुंतवणूक सुमारे १ लाख ३५ हजार. दुसऱ्याला बाजारानेच ताजी खूण दिली आहे: २६ ऑक्टोबरचा तळ १८,८३७. त्याच्या थोडे खाली, १८,८०० ला स्टॉपलॉस. अंतर २४७ अंश, धोका युनिटमागे २ रुपये ४७ पैसे, आणि युनिट १,२१४. गुंतवणूक सुमारे २ लाख ३१ हजार. वर्षअखेरीस दलाली वगळता पहिल्याचा नफा साडेएकोणीस हजारांच्या आसपास, दुसऱ्याचा साडेबत्तीस हजार. भाव दुसऱ्याला महाग पडला, धोका दोघांचा तेवढाच, तरी कमाई जास्त. रात्रीतून मोठी बातमी आली आणि बाजार खाली उघडला तर मात्र स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला मिळेलच असे नाही, आणि युनिट जास्त असलेल्याला तो फटका जास्त बसतो. हा धोका कागदावरच्या हिशेबात दिसत नाही.

एवढे वाचून थांबणेच शहाणपणाचे वाटेल. पण हे उदाहरण रीटेस्ट आलेल्या ब्रेकआऊटचे आहे. आता मागे, नोव्हेंबर २०२० मध्ये जाऊ. करोनाआधीचा उच्चांक होता १२,४३०. ९ नोव्हेंबरला निफ्टी १२,४६१ वर बंद झाला, दुसऱ्या दिवशी १२,६३१ वर, आणि दोन आठवड्यांत १३,००० पार. १२,४३० ची रीटेस्ट आली नाही. ना त्या महिन्यात, ना त्यानंतर आजवर. जो १२,४५० ला ऑर्डर लावून शिस्तीत बसला, त्याची ऑर्डर कधी पूर्णच झाली नाही.

इथेच या पद्धतीची खरी गोम आहे. फसवा ब्रेकआऊट पातळीपर्यंत परत येतोच, कारण परत आल्याशिवाय तो फसणारच कसा? खरा ब्रेकआऊट मात्र कधी परत येतो, कधी नाही. म्हणजे फक्त रीटेस्टवर घेणाऱ्याच्या वाट्याला फसवे सौदे सगळे येऊ शकतात, आणि सुसाट निघालेले, न परतणारे सौदे एकही येत नाही. अमेरिकेतले थॉमस बुल्कोवस्की यांनी हजारो चार्ट मोजून हेच दाखवले आहे की ज्या ब्रेकआऊटमध्ये भाव मागे वळून आला, त्यांची पुढची वाढ सरासरीने न वळलेल्यांपेक्षा कमी राहते.

फसव्यातून वाचवणारी गाळणी रीटेस्ट नसून रीटेस्टनंतरचे ‘टिकणे’ आहे. आणि तीही नेहमी पुरी पडत नाही. डिसेंबर २०२२ मध्येच बघा. ९ तारखेला १८,४९६ वर कोसळल्यावर निफ्टीने १३ आणि १४ डिसेंबरला १८,६०८ आणि १८,६६० वर, म्हणजे पुन्हा जुन्या पातळीच्या वर, बंद दिला. ‘बघा, परत सावरला’ म्हणून घेणारे १५ तारखेला १८,४१४ वर बसले होते. मधल्या रात्री अमेरिकी फेडरल रिझर्व्हने अर्धा टक्का व्याजदर वाढवून पुढेही वाढीचे संकेत दिले होते. पातळी वाचता येते, पण रात्रीची बातमी तिच्यात लिहिलेली नसते. मात्र दोन प्रसंगांतला एक फरक आधीच दिसत होता. डिसेंबरमध्ये ब्रेकआऊटनंतर भाव १८,६०४ पासून जेमतेम दीड टक्का वर गेला आणि आठवड्याभरात खाली आला. २०२३ मध्ये रीटेस्टच्या आधी तो १८,८८७ पासून सात टक्के वर जाऊन आला होता. पातळी सोडून दूर जाऊ शकलेला भाव परत येतो तेव्हा ती विश्रांती असण्याची शक्यता जास्त, आणि पातळीवरच लोळत राहिलेला भाव बहुधा दमलेला असतो. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

म्हणून माझे मत असे की हा स्वभावाचा प्रश्न करू नये, अंतराचा करावा. बंद भाव तोडलेल्या पातळीच्या जवळ असेल आणि स्टॉपलॉसची स्पष्ट जागा हाताशी असेल, तर थांबून मिळणार काय? तेव्हा घेतलेले बरे. उलट, एकाच दिवसात मोठी उसळी येऊन भाव इतका वर गेला असेल की स्टॉपलॉस सहा-सात टक्के खाली ठेवावा लागेल, तर थांबा, आणि कदाचित सौदा मिळणारच नाही हे आधीच मान्य करून थांबा. काही जण निम्मी खरेदी लगेच करतात आणि निम्मी रीटेस्टला. २०२० मध्ये यांना निम्मीच मिळाली असती, पण मिळाली असती. वाट पाहायचीच असेल तर ती किती दिवस पाहायची हेही सौद्याआधी लिहून ठेवावे, कारण आपल्या दुसऱ्या खरेदीदाराला २८ जून ते २७ ऑक्टोबर एवढा काळ पैसे मोकळे ठेवावे लागले आणि दरम्यान १९,९९१ आणि २०,२२२ दोन्ही पाहून गप्प बसावे लागले.