दोरीवरून चढणारी लाट

मल्लखांबाच्या आखाड्यात दोरीचा सराव संपला की सुती दोरी छताच्या आकड्याला तशीच लोंबत राहते. तिच्या खालच्या टोकाला बोटाने आडवी टिचकी मारा आणि काय होतं ते पाहा. एक छोटा फुगवटा दोरीवरून वर निघतो. आधी रेंगाळल्यासारखा, मग भराभर, आणि आकड्यापाशी पोहोचेपर्यंत तो डोळ्यांना नीट दिसतही नाही. वर फेकलेला चेंडू चढताना मंदावतो. हा फुगवटा मात्र चढताना वेग घेतो.

याचं कारण दोरीच्या स्वतःच्या वजनात आहे. दोरीवर कुठेही बोट ठेवा. त्या जागी जो ताण आहे तो बोटाखाली लोंबणाऱ्या दोरीच्या वजनाइतका. अगदी खालच्या टोकाला खाली काहीच नाही, म्हणून ताणही नाही. आकड्यापाशी मात्र सगळी दोरी पेलायची असते. बाजूला सरकलेल्या दोरीला जागेवर परत ओढतो तो ताण. तो जितका जास्त, तितकं ते ओढणं जोरकस आणि लाट तितकी वेगवान. उलट दोरी मीटरला जितकी जड, तितकी ती हलायला सुस्त. ताणाला मीटरमागच्या वस्तुमानाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं, की लाटेचा वेग मिळतो.

आता यातली गंमत. दोरी मीटरला दुप्पट जड घेतली तर ताण दुप्पट होतो, कारण तो दोरीच्याच वजनाचा आहे. पण हलायची सुस्तीही दुप्पट होते. भागाकारात दोन्ही कटतात. उरते फक्त खालच्या टोकापासूनची उंची आणि गुरुत्वत्वरण, म्हणजे ९.८. या दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, की त्या उंचीवरचा वेग मीटर प्रतिसेकंदात हातात येतो. दोरी सुताची असो की लोखंडी साखळी असो, उत्तर तेच.

पाच मीटरची दोरी घेतली तर हिशेब फार सुरेख बसतो. आकड्यापाशी ५ गुणिले ९.८ म्हणजे ४९, त्याचं वर्गमूळ ७. लाट वर पोहोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ७ मीटर असतो. खाली ती शून्यापासून निघाली. मधल्या वाटेवर ती सेकंदाला ४.९ मीटर प्रतिसेकंद या एकाच दराने वेग घेत जाते, म्हणजे पडणाऱ्या दगडाच्या बरोबर निम्म्या त्वरणाने. त्वरण एकसारखं आहे म्हणून सरासरी वेग ३.५, आणि पाच मीटरला लागतात १.४३ सेकंद. टोकाला वेग शून्य असेल तर लाट तिथून निघेलच कशी, ही शंका रास्त आहे. पण हातातून सुटलेल्या दगडाचा वेगही पहिल्या क्षणी शून्यच असतो, तरी तो पडतोच.

हे डोळ्यांनी पडताळायला मी एका संध्याकाळी अशाच एका दोरीला पाच रंगीत फिती बांधल्या. खालच्या टोकापासून २०, ८०, १८० आणि ३२० सेंटीमीटरवर चार, आणि पाचवी वर ५०० वर, आकड्याखाली. ही अंतरं १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्यांच्या प्रमाणात आहेत. लाट एकसारख्या त्वरणाने चढत असेल, तर एका फितीपासून पुढच्या फितीपर्यंत जायला तिला दर वेळी सारखाच वेळ लागायला हवा: ०.२८६ सेकंद. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या, तर दर टप्प्याला सुमारे ३४.

वरचे टप्पे ३२ ते ३४ फ्रेमचे आले. सर्वांत खालचा मात्र २८ चा. पुन्हा पुन्हा केलं, तरी २८. सराव संपवून चपला घालत असलेली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “काका, खाली गाठ आहे ना.” दोरीचं टोक उसवू नये म्हणून तिथे घट्ट गाठ मारलेली होती. गाठीत जादा दोरी जाते. या दोरीचं वजन मीटरला ३०० ग्रॅम होतं, आणि गाठीचं सुमारे ६०. म्हणजे टोकाला आणखी २० सेंटीमीटर दोरी लोंबत असल्यासारखाच ताण. आता हिशेब करताना प्रत्येक उंचीत २० मिळवायचे. २० ची फीत ४० वर गेल्यासारखी होते, ८० ची १०० वर, आणि खालच्या टप्प्याचा वेळ ०.२३५ सेकंद, म्हणजे २८ फ्रेम. ५०० च्या जागी ५२० केल्याने फारसं बिघडत नाही, म्हणून वरचे टप्पे जवळजवळ तसेच राहिले. चूक फक्त खाली दिसली तर टोकाला वजन आहे किंवा दोरी ताठर आहे असं समजावं. कडक काथ्याचा दोर वाकायलाच विरोध करतो, आणि ताण नसतो तिथे तो विरोध वरचढ ठरतो. म्हणून प्रयोगाला मऊ दोरी किंवा बारीक साखळीच घ्यावी. टिचकी अगदी टोकावर मारावी. थोडी वर मारली तर एक लाट वर जाते, दुसरी खाली जाऊन टोकावरून परतते आणि पहिलीच्या मागोमाग चढते. मग कुठली मोजायची, हा घोळ.

फुगवट्याचा आकारही वाटेत बदलतो. त्याचा पुढचा भाग वर असतो, म्हणून मागच्यापेक्षा वेगात जातो आणि फुगवटा ताणला जातो. ८० सेंटीमीटरपासून ३२० पर्यंत जाताना तो लांबीला दुप्पट होतो. ऊर्जा तेवढीच, पण जास्त ताणाच्या दोरीला बाजूला सारायला जास्त जोर लागतो, म्हणून दहा सेंटीमीटर बाहेर आलेला फुगवटा वर साधारण सातच राहतो. लाट छतावरून परतते तेव्हा हेच उलटं घडतं: ती आखूड आणि उंच होत खाली येते, आणि दोरीचं टोक चाबकासारखं फटकतं.

ती मुलगी मग दोरीवर चढून मधोमध, अडीच मीटरवर, पकड घेऊन थांबली. वजन असेल ४५ किलो. तिच्या पायांखालच्या दोरीला तिच्या वजनाचा पत्ताच नाही. तिथला वेग आधीचाच, पकडीच्या जरा खाली सेकंदाला सुमारे ५ मीटर. पकडीच्या वर मात्र ४५ किलो म्हणजे या दोरीची १५० मीटर लांबी जोडल्यासारखं झालं, आणि वेग ३८ च्या पुढे गेला. दोरी तीच, पण वरचा भाग सतारीच्या तारेसारखा ताठ आणि खालचा मोकळा. खालून दिलेली टिचकी तिच्या पायांपर्यंत जाऊन जवळपास सगळी परत फिरली.

आता तुम्ही करून पाहाल असा एक प्रयोग. घरातली मऊ दोरी जिन्यात टांगा आणि तिच्या खालून एक तृतीयांश उंचीवर लाल दोरा बांधा. दोरीच्या वरच्या टोकाशी हात धरून एकाने दगड सोडायचा, त्याच क्षणी दुसऱ्याने खालच्या टोकाला टिचकी द्यायची. दगड खाली येतो, लाट वर जाते, आणि दोघांची गाठ लाल दोऱ्यापाशी पडते. दोरी दोन मीटरची असो की वीस मीटरची, भेटीची जागा हीच. चंद्रावर गुरुत्व सहापट कमी आहे. तिथे दगडही संथ पडेल आणि लाटही संथ चढेल, पण भेट लाल दोऱ्यापाशीच होईल.