प्रकल्पाचे गुण कसे वाचावेत?

‘घरातील पाण्याचा हिशेब’ हा प्रकल्प आम्ही रूब्रिकने, म्हणजे निकषांच्या तक्त्याने तपासला. निरीक्षण, माहिती, मांडणी आणि तोंडी उत्तरे, प्रत्येकी 4 गुण.

एका सुबक फाइलला मांडणीत 4 मिळाले. बाकी 1, 2, 1. एकूण 8. ‘वुजूचे पाणी कसे मोजलेस?’ याला उत्तर नव्हते. फाइल अम्मीने सजवली की हे असे कळतेच! दुसऱ्या मुलीने साध्या वहीत आठवडाभर हंडे मोजून लिहिले. तिला निरीक्षणात 4, माहितीत 3, मांडणीत 2, उत्तरांत 4, एकूण 13.

1 म्हणजे नापास नव्हे, काम दुसऱ्याच्या आधाराने झाले. 3 म्हणजे स्वतः केले, थोडे राहिले. बेरजेआधी या ओळी पाहा. कमी गुणांचा भाग सुधारून आणल्यास आम्ही पुन्हा तपासू.